महिना ४,२०० ची आरडी, पाच वर्षांनी ३ लाख. मग माझ्या हिशोबातले ३६ हजार कुठे गेले?

रानजाई
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा आठवीत गेली. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी हाताशी ३ लाख असावेत असं आम्हा दोघांचं ठरलंय. एकरकमी टाकायला काही नाही, पण महिन्याला चार-साडेचार हजार बाजूला पडतात. म्हणून पोस्टात आरडीची चौकशी केली. दर ६.७ टक्के, मुदत पाच वर्षं.

मी घरी असा हिशोब केला: ४,२०० × ६० = २,५२,०००. त्यावर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज ८४,४२०. म्हणजे एकूण ३,३६,४२०, आणि हे साधं व्याज धरून. चक्रवाढीने आणखी वाढायला हवं. पण काउंटरवरच्या ताईंनी कागदावर लिहून दिलं २,९९,७३६. मी दोनदा विचारलं, त्या म्हणाल्या तक्त्यात हेच आहे. जवळजवळ ३६ हजारांचा फरक येतोय. पोस्ट काही कापतं का? की दरच वेगळा लागतो?

बापू_वाईकर
टॅक्स कापून सांगितला असेल. हल्ली व्याजावर टीडीएस असतो.

मधुमालती
मलाही हाच प्रश्न पडला होता, पण विचारायचा राहून गेला. वाचतेय.

त्रैराशिक
रानजाई ताई, कुणी काही कापलेलं नाही. ताईंचा आकडा बरोबर आहे आणि दरही ६.७ च आहे.

तुमच्या हिशोबात २,५२,००० रुपये पहिल्या दिवसापासून पाच वर्षं पोस्टात पडून आहेत. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी तिथे फक्त ४,२०० आहेत. पूर्ण साठ महिने राहतो तो पहिला हप्ता. दुसरा एकोणसाठ महिने, तिसरा अठ्ठावन्न, असं करत शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना राहतो. प्रत्येकाचं व्याज त्याच्या मुक्कामाप्रमाणे.

पहिल्या हप्त्याचे ४,२०० पाच वर्षांनी ५,८५५ होतात, म्हणजे व्याज १,६५५. शेवटच्या हप्त्याला व्याज मिळतं २३ रुपये. बाकीचे अठ्ठावन्न हप्ते या दोघांच्या मध्ये. सगळ्यांची सरासरी काढली तर एक हप्ता साधारण साडेतीस महिने राहतो, म्हणजे अडीच वर्षांच्या किंचित वर. तुम्ही पाच वर्षं धरलीत, म्हणून व्याज दुपटीच्या जवळ गेलं.

साध्या व्याजाने करून बघा. १ ते ६० ची बेरीज १,८३०. म्हणजे ४,२०० रुपये १,८३० महिने ठेवल्यासारखं झालं. ४,२०० × १,८३० × ६.७ ÷ १,२०० = ४२,९१३. पोस्ट देतंय ४७,७३६. वरचे ४,८०० च्या आसपास जे आहेत, ती चक्रवाढ.

बापू_वाईकर
अच्छा, मग माझा टीडीएसचा मुद्दा बाद. पण व्याज उत्पन्नात धरावं लागतं हे तर खरं ना?

त्रैराशिक
हो बापू, ते खरंच आहे. तक्त्यातला आकडा कर धरून नसतो. ज्यांचं उत्पन्न करपात्र आहे त्यांनी ४७,७३६ मधून आपल्या स्लॅबप्रमाणे कर वजा करून पाहावा. व्याज दरवर्षी जमा होत असतं, तेव्हा दरवर्षी थोडं थोडं दाखवलेलं बरं. सगळं शेवटच्या वर्षात आलं तर उगाच वरच्या स्लॅबला टेकायला होतं.

रानजाई
त्रैराशिक, १,८३० महिन्यांचं एकदम पटलं! पण एक कळलं नाही. चक्रवाढीचे फक्त ४,८०० च? सगळीकडे चक्रवाढीचं एवढं कौतुक असतं.

त्रैराशिक
पाच वर्षांत एवढीच. निम्मे पैसे अडीच वर्षंसुद्धा राहत नाहीत, तर व्याजावर व्याज चढणार कधी? हीच आरडी पाच वर्षांनी वाढवून दहा वर्षं चालवली (पोस्टात अर्ज देऊन वाढवता येते, आणि दर खातं उघडतानाचाच राहतो) तर ४,२०० चे ७ लाख १७ हजारांवर होतात. त्यातली चक्रवाढ साधारण ४३ हजारांची. काळ दुप्पट, चक्रवाढ नऊपट. पण तुम्हाला पैसे पाचव्या वर्षी हवेत, तेव्हा तुमच्या ३ लाखांतला मोठा वाटा तुमच्या स्वतःच्या हप्त्यांचाच असणार. शंभरातले चौऱ्याऐंशी रुपये तुमचे, सोळा व्याजाचे.

निळाशार
पाच वर्षांसाठी आरडी? ६.७ टक्क्यांनी? म्युच्युअल फंडात एसआयपी करा हो ताई. १२ टक्के सहज मिळतात. हे ४७ हजारांचे हिशोब लावत बसावं लागणार नाही.

मिरजेचा_दुकानदार
निळाशार, सहज कुठे मिळतात तो पत्ता द्या, आम्हीपण रांगेत उभे राहतो :-)

त्रैराशिक
१२ टक्के धरूनच करू. ४,२०० ची एसआयपी, साठ महिने, दरमहा १ टक्का बिनचूक मिळाला असं समजा. ३,४६,४४३ होतात. आरडीपेक्षा साधारण ४६,७०० जास्त. दर जवळजवळ दुप्पट, तरी रक्कम दुपटीच्या आसपाससुद्धा नाही. कारण तेच, पैसे सरासरी अडीच वर्षंच राहतात.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,००० च्या वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. ज्यांची पाच वर्षं त्या मार्चमध्ये भरली असतील, त्यांना जूनच्या प्रवेशासाठी पैसे काढायचे म्हटल्यावर काय मिळालं असेल? एसआयपीमध्ये शेवटाला सगळ्यात जास्त पैसे आत असतात, त्यामुळे शेवटच्या वर्षातली पडझड सगळ्या रकमेला लागते. पहिल्या वर्षातली पडझड थोड्याच पैशांना लागते.

निळाशार
२०२० चं उदाहरण प्रत्येक जण देतो. त्यानंतर बाजार केवढा वर गेला ते नाही सांगत कुणी. थांबलेल्यांचं भलंच झालं.

मधुमालती
थांबले त्यांचं झालं. कॉलेजची फी थांबत नाही.

निळाशार
मग शेवटच्या वर्षी पैसे काढून एफडीत टाका. एवढं नियोजन जमतं माणसाला. पंधरा वर्षांच्या उद्दिष्टाला तर आरडी अजिबात नको, यावर मी ठाम आहे.

त्रैराशिक
पंधरा वर्षांना माझंही तेच मत. पाच वर्षांना नाही. इथे आपलं जमणार नाही, राहू दे.

गोकर्णा
मी पोस्टाची एजंट आहे, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची. सांगली जिल्ह्यात बरीच वर्षं घरोघर जाऊन आरडीचे हप्ते गोळा करते. वर जे गणित सांगितलं ते बरोबरच असणार, मी ते रोज तक्त्यात बघते. मला सांगायचंय ते वेगळं आहे. तक्त्यातला आकडा ज्याला पूर्ण मिळतो तो माणूस साठही हप्ते वेळेवर भरतो आणि मुदत संपल्यावरच खातं बंद करतो. एवढ्या दोनच गोष्टी आहेत, पण त्यातच बहुतेकांचं गाडं अडतं.

पहिलं वेळेचं. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ च्या आत. १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. चुकला की शंभराला एक रुपया दंड, म्हणजे ४,२०० ला महिन्याचे ४२. लागोपाठ चार चुकले की खातं बंद पडतं. मग दोन महिन्यांच्या आत सगळे थकलेले हप्ते दंडासकट भरून ते चालू करून घ्यायचं. ते दोन महिनेही गेले की पुढचे हप्ते भरता येत नाहीत.

दुसरं मोडण्याचं. तीन वर्षांच्या आधी मोडता येत नाही. तीन वर्षांनंतर मोडलं तर व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्के. आणि ताई, मुदतीला एक दिवस जरी बाकी असला तरी हेच. माझ्या एका गिऱ्हाइकाने साडेचार वर्षं इमानेइतबारे भरलं आणि सहा महिने राहिले असताना मोडलं. मी गावाला गेले होते, तोवर ते परस्पर काउंटरवर जाऊन आले.

त्रैराशिक
गोकर्णा ताई, तुमच्या त्या गिऱ्हाइकाचं काय झालं असेल ते ४,२०० च्या हप्त्यावर बघू. चौपन्न हप्ते म्हणजे २,२६,८००. ६.७ च्या दराने तोवरचं व्याज ३८,२०० च्या घरात झालेलं असतं. ४ टक्क्यांनी मिळतात २०,८०० च्या आसपास. एका सहीत सतरा हजार गेले.

गोकर्णा
आणि त्यांना एक लाखच हवे होते! आरडीवर कर्ज मिळतं. बारा हप्ते भरून झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने. माझं गिऱ्हाईक घाईत असलं की मी आधी हेच सांगते.

त्रैराशिक
म्हणजे ८.७ टक्के. एक लाखाचं सहा महिन्यांचं व्याज ४,३५०. सतरा हजार घालवण्यापेक्षा हे कधीही परवडलं.

मधुमालती
गोकर्णा काकू, हे कर्जाचं मला माहीतच नव्हतं. आमच्या पोस्टातही कुणी बोललं नाही. प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवतेय.

मिरजेचा_दुकानदार
माझा प्रश्न जरा वेगळा. मी पिग्मी भरतो पतसंस्थेत, रोज १४० रुपये. महिन्याला ४,२०० च होतात. रोज भरतोय म्हणजे पैसे लवकर जातात, तेव्हा माझे आरडीपेक्षा जास्त व्हायला हवेत ना?

त्रैराशिक
लवकर नाही, उशिरा जातात. आरडीवाला महिन्याच्या सुरुवातीलाच ४,२०० भरून मोकळा होतो. तुमचे ४,२०० व्हायला महिनाअखेर उजाडते. सरासरी प्रत्येक रुपया अर्धा महिना मागे. पण हा फरक फार किरकोळ आहे. दर तोच धरला तर पाच वर्षांत ८०० रुपयांच्या आसपास.

खरा फरक दराचा. पिग्मीवर व्याज आरडीपेक्षा बरंच कमी असतं, कारण रोज दारात येणाऱ्या माणसाचं कमिशन त्यातूनच निघतं. आणि पतसंस्था ही बँक नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते पतसंस्थेतल्या ठेवीला लागू नाही. पोस्टामागे तर थेट केंद्र सरकार आहे. हे मी तुमच्या पतसंस्थेबद्दल म्हणत नाहीये, ती उत्तम चालत असेल.

मिरजेचा_दुकानदार
दर कमी आहे हे मान्य. पण भाऊ, दुकानदाराच्या गल्ल्यात महिन्याच्या एक तारखेला ४,२०० सुटे पडलेले नसतात. एजंट रोज संध्याकाळी येतो म्हणून १४० निघतात. तो आला नाही तर माल भरण्यात जातात. दोन टक्के कमी गेले तरी चालतील, पैसे साठतात हे महत्त्वाचं.

गोकर्णा
यांचं म्हणणं मला पटतं. एजंट दारात येते म्हणूनच निम्मे लोक भरतात. पण दादा, पिग्मी वर्षाने काढून घेता ना? ती रक्कम घरात येऊ न देता पुढच्या वर्षाचे बारा हप्ते एकदम पोस्टात भरा. बारा महिन्यांचे आगाऊ भरले तर शंभरामागे ४० रुपये सूट मिळते. ४,२०० च्या खात्याला १,६८०.

त्रैराशिक
ताई, हे फार कामाचं सांगितलंत, लोक या सुटीकडे बघतच नाहीत. आगाऊ बारा हप्त्यांत पहिला वेळेवरच जातो, दुसरा एक महिना आधी, शेवटचा अकरा महिने आधी. बेरीज ६६ महिने. १०० रुपये ६६ महिने लवकर दिल्याबद्दल ४० रुपये, म्हणजे वर्षाला सव्वासात टक्के पडतात. बचत खात्यात ४ टक्क्यांनी पैसे पडून असतील तर आगाऊ भरणंच फायद्याचं.

सेल_ए_वन
मी शीटमध्ये करून पाहिलं. दोन प्रकारे येतं आणि दोन्ही पोस्टाशी जुळत नाहीत:

```
=FV(6.7%/12, 60, -4200)          298367
=FV(6.7%/12, 60, -4200, 0, 1)    300033
```

पोस्टाचं २,९९,७३६ या दोघांच्या मध्ये आहे. तर मग पोस्टच काहीतरी चुकतंय का?

त्रैराशिक
पहिल्यात शेवटचा `1` नाही, त्यामुळे शीट हप्ता महिनाअखेरीस जातो असं धरतं. शेवटच्या हप्त्याला शून्य व्याज. दुसऱ्यात ते बरोबर झालं, पण तुम्ही व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवलंत. आरडीत ते दर तिमाहीला मिळवतात. तेव्हा मासिक दर तिमाही दरातून काढायचा:

```
=FV((1+6.7%/4)^(1/3)-1, 60, -4200, 0, 1)        299736
=PMT((1+6.7%/4)^(1/3)-1, 60, 0, -300000, 1)     4203.69
```

दुसरी ओळ उलटा प्रश्न सोडवते: ३ लाख हवे असतील तर हप्ता किती. पोस्टात हप्ता १० च्या पटीत असतो, म्हणून ४,२१०. त्याचे ३,००,४५० होतात.

सेल_ए_वन
जुळलं! तिमाहीचं घनमूळ काढायचं डोक्यातच आलं नव्हतं.

बापू_वाईकर
आम्हाला शीट येत नाही. पाठ करायला एखादा आकडा आहे का?

त्रैराशिक
आहे. ६.७ टक्के दर आणि पाच वर्षं असतील तर महिन्याच्या १०० रुपयांचे ७,१३६ होतात. जेवढं उद्दिष्ट असेल त्याला ७१.३७ ने भागा, महिन्याचा हप्ता मिळेल. एक लाखाला १,४०१, पाच लाखांना ७,००६. दर बदलला की हा भाजक बदलतो. ५.८ टक्क्यांना तो ६९.७० होता.

मधुमालती
५.८? एवढा कमी कधी होता?

गोकर्णा
एप्रिल २०२० पासून मार्च २०२३ पर्यंत ५.८ च होता. तीन वर्षं हललाच नाही. मग ६.२, ६.५ असं करत ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ झाला. त्या तीन वर्षांत लोक मला म्हणायचे, दर वाढू दे, मग खातं उघडतो.

त्रैराशिक
त्या थांबण्याचा हिशोब मांडण्यासारखा आहे. ४,२०० चा हप्ता ५.८ ने २,९२,७२६ देतो आणि ६.७ ने २,९९,७३६. फरक ७,०१०. आणि दर तोच ठेवून हप्ता फक्त १०० रुपयांनी वाढवला, ४,३०० केला, तर ७,१३६ वाढतात. म्हणजे जवळजवळ एक टक्का दर आणि महिन्याचे शंभर रुपये यांचं वजन इथे सारखंच. दर वाढायची वाट बघत वर्ष घालवणाऱ्याने बारा हप्ते गमावले, ५०,४०० रुपये. कमी दराने का होईना, सुरू केलेल्या माणसाला तो कुठून गाठणार?

निळाशार
हे मात्र मान्य. पाच वर्षांत दरापेक्षा हप्ता बोलतो. म्हणूनच म्हणतो, दराला जोर यायचा तर काळ वाढवायला हवा.

ठुशी
अवांतर होईल, पण सोनाराच्या योजनेचं काय? आमच्याकडे अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा दुकानदार भरतो. मी दरवर्षी करते. बारावा हप्ता फुकट म्हणजे अकरावर एक, ९ टक्के. आरडीपेक्षा जास्तच ना?

त्रैराशिक
ठुशी ताई, ९ पेक्षाही जास्त पडतात, कारण तुमचे पैसेही वर्षभर नसतात. बारा महिने पूर्ण झाल्यावर दागिना घेतला तर हप्त्यांच्या मुक्कामाची बेरीज ७७ महिने. त्यावर एक हप्ता म्हणजे वर्षाला साडेपंधरा टक्के. कागदावर हे आरडीला सहज मागे टाकतं.

पण ते व्याज नाही, खरेदीवरची सूट आहे. तुम्हाला रोख मिळत नाही, त्याच दुकानातून दागिना घ्यावा लागतो आणि घडणावळीत ती सूट परत किती जाते ते दुकानागणिक वेगळं. या योजना वर्षाच्या आतच का संपतात ठाऊक आहे? मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत मालात वळता केला तर तो कायद्याच्या लेखी ठेव होत नाही. ठेव नाही म्हणजे ठेवीला असतं ते संरक्षणही नाही. दागिना घ्यायचाच असेल तर ओळखीच्या, खात्रीच्या दुकानात ठीक. फीसाठी नको.

ठुशी
घडणावळीचं खरं आहे. गेल्या वेळी बिल बघितलं तेव्हा बोनसपेक्षा घडणावळच जास्त वाटली होती. आता पावती काढून नीट बघते.

मिरजेचा_दुकानदार
हे "सरासरी निम्माच काळ" प्रकरण कर्जालाही लागतं का? गाडीच्या कर्जाला ८ टक्के फ्लॅट म्हणाले होते.

त्रैराशिक
लागतं, आणि तिथे ते तुमच्या विरुद्ध जातं. फ्लॅट म्हणजे मूळ रकमेवर शेवटपर्यंत व्याज. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता. तीन वर्षांचं ८ टक्के फ्लॅट कर्ज प्रत्यक्षात साडेचौदा टक्क्यांना पडतं. रानजाई ताईंनी आरडीवर जो हिशोब केला, नेमका तोच हिशोब फ्लॅटवाले कर्जावर करतात.

मिरजेचा_दुकानदार
अरे देवा. दोन वर्षांचे हप्ते गेले की हो.

मधुमालती
धागा भरकटला. पण मूळ प्रश्नावर मला एक विचारायचंय. रानजाई, ३ लाख ही आजची फी आहे की पाच वर्षांनंतरची?

रानजाई
आजची. ओळखीतल्या एका मुलीने यंदा प्रवेश घेतला, तिचा पहिल्या वर्षाचा सगळा खर्च धरून.

त्रैराशिक
मधुमालती, हे मीच आधी विचारायला हवं होतं. फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर आजचे ३ लाख पाच वर्षांनी ४,४०,८०० च्या घरात जातात. ७१.३७ ने भागलं की हप्ता ६,१८० होतो, ४,२१० नाही.

बापू_वाईकर
८ टक्के कुठून काढलेत? आमच्या नातवाच्या कॉलेजने तीन वर्षांत एक रुपया वाढवला नाही, चौथ्या वर्षी एकदम उडी मारली.

त्रैराशिक
८ हा माझा अंदाज आहे, त्याला दुसरा आधार नाही. ५ टक्के धरले तर ३,८२,९०० आणि हप्ता ५,३७०. सरकारी कॉलेज मिळालं तर ३ लाखांतले उरतीलही. ज्याला जो आकडा पटेल तो धरावा, पण शून्य धरू नये.

रानजाई
६,१८० आत्ता शक्य नाही. खरं सांगते, ५,००० सुद्धा ओढून होतील. दोन वर्षांनी गाडीचं कर्ज फिटतंय, तेव्हा ३,५०० मोकळे होतील. तोच हप्ता वाढवून मिळतो का?

गोकर्णा
चालू खात्याचा हप्ता वाढवता येत नाही ताई. दुसरं खातं उघडायचं. पण पोस्टात आरडी पाचच वर्षांची, ती तुमच्या कामाच्या वेळी पूर्ण होणार नाही. तीन वर्षांची बँकेत मिळते. आमच्या धंद्याविरुद्ध सांगतेय, पण तुमच्या कामाला तीच बरी.

त्रैराशिक
अनुमोदन. तेव्हा बँकेचा दर काय असेल ते आज सांगता येणार नाही. ६.५ धरला तर तीन वर्षांत महिन्याच्या १०० रुपयांचे ३,९८२ होतात. ३,५०० चे १,३९,३८०. आजच्या ४,२०० च्या आरडीचे २,९९,७३६ त्यात मिळवले तर ४,३९,०००. फी ८ टक्क्यांनी वाढली तरी जवळजवळ पोचता.

आणि दर ६.५ ऐवजी ६ मिळाला तरी हजार-बाराशेचाच फरक पडेल. गाडीचं कर्ज फिटल्याच्या पुढच्याच महिन्यात ते ३,५०० आरडीत जाणं जास्त महत्त्वाचं.

मधुमालती
माझी डिसेंबर २०२२ ची आरडी आहे, ५.८ ची. ती मोडून ६.७ ला टाकली तर?

गोकर्णा
नको गं. मोडलीस की आत्तापर्यंतच्या सगळ्या पैशांना ४ टक्के. डिसेंबर २०२७ ला सरळ पूर्ण कर.

त्रैराशिक
मागच्या हप्त्यांवर १.८ टक्के सोडायचे आणि पुढच्यांवर ०.९ मिळवायचे, असा तो सौदा आहे. परवडत नाही.

रानजाई
४,२०० ने सुरू करतेय, यांचा पगार ७ तारखेला होतो. गोकर्णा ताई, खातं १५ च्या आत उघडू की नंतर?

गोकर्णा
१६ नंतर उघडा. महिनाअखेरपर्यंत सवड मिळते आणि व्याजात फरक पडत नाही. पगार कधी दहा दिवस लांबला तरी ४२ रुपये दंड बसणार नाही. शेवटच्या हप्त्याचं अख्खं व्याजच २३ आहे असं वर वाचलंत ना? आणि वारस नोंद फॉर्मवर त्याच दिवशी करून घ्या, नंतर करू म्हणून राहते.